शंभर घनसेंटिमीटरची रिंग

रिंगवर लाल ऑइलपेंटने १०० असा आकडा रंगवलेला होता. आकडा जुना होता. एकाचा वरचा भाग खरवडला गेला होता आणि दुसऱ्या शून्यावर हातोडीचा ओरखडा होता, पण वाचता येत होता. मी प्रयोगशाळेत रुजू झालो तेव्हापासून तो तिथे होता आणि तो कोणी रंगवला हे कोणाला आठवत नव्हते. रिंग म्हणजे पोलादी नळीचा पाच सेंटिमीटर उंचीचा तुकडा. खालच्या कडेला बाहेरून धार. ती जमिनीत ठोकायची, मातीसकट काढायची, दोन्ही बाजूंनी सुरीने माती सपाट कापायची. आत उरते ती शंभर घनसेंटिमीटर माती, जमिनीत होती तशीच, न दाबलेली, न भुरभुरलेली.

मी नागपुरातल्या एका वर्तमानपत्रात सहा वर्षे होतो. त्याआधी कृषी पदवी घेतली होती. वर्तमानपत्राची आवृत्ती बंद झाली आणि मी पदवीकडे परत आलो. एका माती प्रयोगशाळेत प्रकल्प सहायकाची जागा मिळाली. काम संत्र्याच्या बागांमधल्या जमिनीचा ओलावा मोजण्याचे. मुलाखतीत मला विचारले गेले की बातमीदाराला मातीचे काय जमणार. मी म्हणालो, दोन्हीकडे जे आहे तेवढेच लिहायचे असते. उत्तर आवडले असावे. ते किती अपुरे होते हे पुढे कळले.

प्रयोगशाळा ताईंची होती. कागदोपत्री ती एका सरांच्या अखत्यारीत होती आणि सर पहिल्या मजल्यावर बसत, पण ओव्हन, वजनकाटा आणि नोंदवही यांच्यावर ताईंचे राज्य होते. ताई तंत्रज्ञ होत्या, पन्नाशीच्या, सक्करदऱ्याहून स्कूटीवर यायच्या. मातीच्या नमुन्यांसाठी अ‍ॅल्युमिनियमच्या डब्या होत्या. प्रत्येक डबीवर आणि तिच्या झाकणावर एकच क्रमांक कोरलेला. एका डबीचे झाकण दुसरीवर गेलेले ताईंना दुरून दिसायचे.

पद्धत साधी आहे. ओली माती डबीसकट तोलायची. मग झाकण काढून डबीच्या खाली ठेवायचे आणि डबी एकशे पाच अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये चोवीस तास ठेवायची. आमची काळी चिकण माती पाणी लवकर सोडत नाही, म्हणून ताई जास्तच ठेवायच्या. बाहेर काढली की झाकण लावून डेसिकेटरमध्ये, म्हणजे जाड काचेच्या बंद भांड्यात, गार करायची. त्याच्या तळाशी ओल शोषणारे निळे खडे असतात आणि ते गुलाबी झाले की बदलायचे. गार झाल्यावर तोलायचे. परत दोन तास ओव्हनमध्ये, परत गार, परत तोल. दोन्ही वजने जुळली तर माती कोरडी. ओल्यातून कोरडे वजा केले की पाणी. त्या पाण्याला कोरड्या मातीच्या वजनाने भागायचे. ओल्या मातीच्या नव्हे. पहिल्या आठवड्यात मी ओल्याने भागले होते.

"पत्रकार साहेब," ताई म्हणाल्या होत्या, "ओल्या मातीत पाणी पण आहे न. पाण्याले पाण्यानंच भागून राहिले काहून?"

त्याच आठवड्यात मी एक डबी गरम असतानाच काट्यावर ठेवली होती. काट्यावरचा आकडा सरकत राहिला, थांबेना. ताईंनी ती चिमट्याने उचलली, डेसिकेटरमध्ये ठेवली आणि म्हणाल्या, "चहा घेऊन या. तेवढ्यात गार होते ते. तुमची घाई अन् डबी, दोन्ही."

एवढ्याने मिळतो तो वजनी ओलावा. एक ग्रॅम कोरड्या मातीमागे किती ग्रॅम पाणी. शेतकऱ्याला त्याचा थेट उपयोग नाही. झाडाची मुळे मातीच्या वजनात राहत नाहीत, जागेत राहतात. जमिनीच्या एवढ्या जागेत पाणी किती, हे सांगायचे तर आकारमानी ओलावा लागतो. त्यासाठी मातीची स्थूल घनता हवी, म्हणजे मोकळ्या जागांसकट एका घनसेंटिमीटरमध्ये किती ग्रॅम कोरडी माती मावते तो आकडा. वजनी ओलाव्याला त्या घनतेने गुणले की आकारमानी ओलावा मिळतो. पाण्याची घनता एक असल्याने आणखी काही करावे लागत नाही. आणि घनतेसाठी रिंग.

लाल मातीत किंवा मुरमाड रानात ही घनता एकदा मोजली की वर्षभर चालते. काळ्या मातीत चालत नाही. ती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. म्हणून आम्ही प्रत्येक फेरीला नव्याने रिंग ठोकायचो.

बाग काटोलच्या अलीकडे होती. बस फाट्यावर सोडायची, तिथून दोन किलोमीटर चालत. बागेचे मालक साठीचे होते. आम्ही सगळे त्यांना काकाजी म्हणायचो. प्रकल्पासाठी त्यांनी बागेचा एक तुकडा दिला होता, नव्वद झाडांचा. त्या तुकड्याला आंबिया बहाराचा, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्याचा, ताण किती द्यायचा हे आमच्या आकड्याने ठरणार होते. बाकीच्या बागेचे ते स्वतः ठरवणार होते, नेहमीसारखे, पाने पाहून.

ताण म्हणजे डिसेंबरात पाणी तोडणे. झाड उपाशी राहिले की वाढ थांबवते आणि फुलाची तयारी करते. ताण पुरता बसला की जानेवारीत पाणी सोडायचे, म्हणजे ताण तोडायचा. मग फूल येते. वेळेआधी तोडला तर झाड फुलाऐवजी पालवी काढते आणि त्या वर्षीचा बहार जातो. उशिरा तोडला तर फांद्या वाळतात. भारी जमिनीत पाणी खोलवर धरलेले असते, त्यामुळे वरची माती फाटलेली दिसली तरी खाली झाड पीतच असते. डोळ्यांनी फसायला होते. आमच्या प्रकल्पाचे म्हणणे होते की आकड्याने तसे फसायला होणार नाही. आदल्या दोन हंगामांच्या मोजणीवरून त्या तुकड्यासाठी मर्यादा ठरली होती: एक फूट खोलीवर आकारमानी ओलावा शून्य पूर्णांक तीस आला की पाणी सोडावे.

काकाजींनी हे ऐकून घेतले होते आणि एकच अट घातली होती.

"आकडा तुमचा, झाडं माही. तुमी सांगसान त्या दिवशी पाणी सोडीन, आधी नाई अन् नंतर नाई. पण मले अंदाजे नोको सांगू गा भाऊ. अंदाज माह्याजवळ हाय."

पाणी तोडले त्या आठवड्यात पहिली फेरी झाली. वजनी ओलावा ०.३३, घनता १.२२, आकारमानी ओलावा ०.४०. दुसरी फेरी डिसेंबरच्या शेवटी. ०.२९, १.२६, आकारमानी ०.३७. माती वाळत होती आणि आकसत होती. आकडे जसे असायला हवेत तसे होते.

दुसऱ्या फेरीत शेवटच्या जागी रिंग चुनखडीच्या खड्यावर बसली. मी ठोकत होतो आणि आवाज बदललेला कळूनही दोन घाव जास्त घातले. रिंग काढली तेव्हा धारेला खोल खाच पडली होती आणि कड आत वळली होती. प्रयोगशाळेत अशा तीन रिंग होत्या. उरलेल्या दोन दुसऱ्या प्रकल्पाबरोबर भिवापूरच्या मिरचीच्या रानात गेल्या होत्या. ताई त्या आठवड्यात रजेवर होत्या, त्यांना धार गेल्याचे फोनवर सांगितले. मी रिंग पिशवीत घातली आणि लकडगंजला एका लेथवाल्याकडे नेली.

दुकान लाकडाच्या वखारींच्या मागे होते. लेथवाल्याने रिंग बोटावर फिरवून पाहिली.

"धार मारनी है न? खाच है तब तक काटना पडेगा."

"कापा," मी म्हणालो.

दहा मिनिटांत झाले. नवी धार चकचकीत होती आणि बोटाला लागत होती. लाल आकडा तसाच होता, कारण तो वरच्या कडेला होता आणि कापले होते खालून. मी रिंग कागदात गुंडाळून आणली आणि कपाटात तिच्या जागी ठेवली. ताई रजेवरून आल्या तेव्हा त्यांनी विचारले, "झाली का धार?" मी म्हणालो, झाली. एवढेच बोलणे झाले.

तिसरी फेरी जानेवारीच्या मध्याला, मंगळवारी. थंडी होती आणि बागेत दुपारीही स्वेटर लागत होता. काकाजी खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसून बघत होते. मी तीन ठिकाणी तीच रिंग ठोकली. प्रत्येक वेळी माती कापून मोठ्या डबीत रिकामी केली, झाकण लावून चिकटपट्टी गुंडाळली.

काकाजींनी शेजारच्या झाडाचे पान तोडले आणि बोटांत मोडून पाहिले.

"हे पाय. अजून कसं हिरवंगार हाय. ताण बसला नाई."

"आकडा आला की सांगतो," मी म्हणालो.

"आकडा पान खाते काय?" ते म्हणाले आणि स्वतःच हसले. "सांग, सांग. मी थांबलोच हाव."

तो आठवडा त्यांना महत्त्वाचा होता. शेजारच्या बागांमध्ये पाणी सुटायला लागले होते आणि येता-जाता लोक विचारत होते की नागपूरवाल्यांचा आकडा कधी पिकणार.

संध्याकाळी पाचच्या आत डब्या तोलून ओव्हनमध्ये गेल्या. गुरुवारी सकाळी बाहेर काढल्या, गार केल्या, तोलल्या, पुन्हा दोन तास ठेवून तोलल्या. वजने जुळली. ताई काट्यापाशी उभ्या राहून आकडे सांगत होत्या, मी लिहीत होतो. मधल्या डबीचे आकडे मला अजून पाठ आहेत. रिकामी डबी झाकणासह ४६.२ ग्रॅम. ओल्या मातीसह १९६.७. कोरड्या मातीसह १६६.६. म्हणजे पाणी ३०.१ ग्रॅम आणि कोरडी माती १२०.४ ग्रॅम. भागाकार शून्य पूर्णांक पंचवीस. बाकीच्या दोन डब्या यापासून फार दूर नव्हत्या.

इथे मी एक जवळची वाट घेतली. रिंगमधली सगळी माती एकाच डबीत असेल तर घनता काढून पुन्हा गुणण्याची गरज नसते. रिंगमध्ये ३०.१ ग्रॅम पाणी, म्हणजे ३०.१ घनसेंटिमीटर पाणी. रिंग शंभरची. आकारमानी ओलावा ०.३०. गणित बरोबर आहे आणि उत्तर तेच येते. नोंदवहीतला घनतेचा रकाना मी नंतर भरण्यासाठी रिकामा ठेवला. वर्तमानपत्रात मथळा आधी आणि तपशील मागून भरायची सवय होती.

सरांना आकडा दाखवला. ते म्हणाले, मर्यादा गाठली, कळवून टाका. एक वाजता मी काकाजींना फोन लावला. ते जेवायला घरी आले होते.

"०.३० आला. उद्या पाणी सोडा."

पलीकडे ताट सरकवल्याचा आवाज आला.

"पक्कं?"

"पक्कं."

"मले पटत नाई, भाऊ. पानं काई वेगळंच सांगून राहिले. पण शब्द देल्ला हाय. उद्या आठ वाजता लाइट येते, सोडतो."

फोन ठेवताना मला बरे वाटत होते, हेही नोंदवले पाहिजे. पानापेक्षा आकडा बरोबर निघेल याचा आनंद होता.

सव्वाचारला ताईंनी नोंदवही ओढली. रिकामा रकाना त्यांना चालत नसे. कोरडे वजन भागिले शंभर, असे करत त्यांनी तीन आकडे लिहिले, सरासरी काढली आणि पेन खाली ठेवले.

"एक पॉइंट वीस."

"हो."

"मागच्या वेळी किती होती?"

"१.२६."

"अन् त्याच्या आधी?"

"१.२२."

ताईंनी चष्मा काढला. "म्हणजे माती वाळून राहिली अन् फुलून राहिली? डिसेंबरात ओली होती त्याच्याहून आता हलकी?"

मला तेव्हा कळले की रकाना मी रिकामा ठेवला नसता तर हे एक वाजायच्या आत दिसले असते. वाळताना काळी माती आकसते, तेवढ्याच जागेत जास्त माती येते, घनता वाढायला हवी. १.३०च्या आसपास यायला हवी होती.

"भेग आली असेल रिंगमध्ये," मी म्हणालो. "जानेवारीत भेगा असतातच."

"एकीत आली असंल. तिन्हीत?" त्यांनी तिन्ही कोरडी वजने पेनाने दाखवली. ११९.८, १२०.४, १२१.०. "भेगा काय मोजून पडल्या?"

मग त्यांनी एकेक गोष्ट काढली. डब्यांची रिकामी वजने पुन्हा घेतली, जुळली. काट्यावर प्रमाणित वजन ठेवले, बरोबर. ओव्हनचे तापमान पाहिले, बरोबर. वजनांत कुठेच काही नव्हते. मग त्या कपाटाकडे गेल्या, रिंग काढली आणि खिडकीपाशी धरली.

"हिले कुठं नेलं होतं?"

"लकडगंजला. लेथवर."

"किती कापली?"

हा प्रश्न मी विचारला नव्हता. लेथवाल्याला नाही आणि स्वतःलाही नाही.

ताईंनी मापे घ्यायचा व्हर्नियर काढला. आतला व्यास पाच सेंटिमीटर आणि अर्धा मिलिमीटर, पूर्वीसारखाच. उंची त्यांनी चार ठिकाणी मोजली. चारही ठिकाणी ४.६ सेंटिमीटर. पूर्वी ती बरोबर पाच होती. चार मिलिमीटर लेथच्या खाली कीस होऊन पडले होते. रिंग आता ९२.१ घनसेंटिमीटरची होती आणि तिच्यावर लाल अक्षरात १०० लिहिलेले होते.

पुढचे गणित त्यांनी मला करायला लावले. १२०.४ भागिले ९२.१, घनता १.३१. गुणिले ०.२५. शून्य पूर्णांक तेहतीस.

वजनी ओलावा मात्र पहिल्यापासून बरोबर होता. त्यात रिंग येतच नाही. चूक सगळी जागेची होती, आणि झाडाला जागेचाच हिशेब लागतो. तीसऐवजी तेहतीस म्हणजे मुळांच्या साठ सेंटिमीटर थरात सोळा-सतरा मिलिमीटर पाणी, जे आम्ही संपले म्हणून कळवले होते आणि जे झाडांच्या खाली होते. जानेवारीत ताणावरच्या बागेला ते आठ-दहा दिवस पुरते. काकाजींच्या बोटांत मोडलेले पान बरोबर होते.

मी फोन लावला. क्षेत्राबाहेर. पुन्हा लावला. क्षेत्राबाहेर. रानडुकरांच्या त्रासामुळे या दिवसांत काकाजी बागेतल्या खोपडीवर, म्हणजे राखणीच्या झोपडीत, मुक्कामाला असायचे आणि तिथे नेटवर्क नव्हते. घरचा दुसरा नंबर आमच्याकडे नव्हता. त्याची कधी गरज पडली नव्हती म्हणून कोणी घेतला नव्हता.

"सकाळची पहिली गाडी सहाची आहे," ताई म्हणाल्या. "आठच्या आत पोहोचत नाही तुम्ही, पण जा."

मला रागावणे अपेक्षित होते. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी ड्रॉवरमधून ब्लेड काढले, रिंगवरचा लाल रंग खरवडायला सुरुवात केली आणि काम करता करता म्हणाल्या, "मीही विचारलं होतं न, झाली का धार. किती झाली हे नाही विचारलं. सारी चूक एकट्यानं नका घेऊ, मलेही थोडी उरू द्या."

दुसऱ्या दिवशी बस वेळेवर निघाली. फाट्यावर उतरलो तेव्हा आठ वाजायला पाच मिनिटे होती. दोन किलोमीटर मी बहुतेक पळत गेलो. बागेच्या कोपऱ्यावर पोहोचण्याआधीच मोटारीचा आवाज ऐकू आला.

काकाजी पंपापाशी फिल्टर साफ करत होते. आमच्या तुकड्याला तीन व्हॉल्व्ह होते. पहिला उघडा होता, त्यावरच्या दोन ओळींमध्ये ठिबकचे थेंब पडत होते आणि प्रत्येक ड्रिपरखाली ताटलीएवढा ओला डाग झाला होता. दुसऱ्याला ते हात लावणार होते.

"बंद करा," मी लांबूनच म्हणालो.

त्यांनी मोटार बंद केली नाही. आधी माझ्याकडे पाहिले. मग पंपाच्या पेटीशी जाऊन खटका दाबला. आवाज थांबला. थेंब मात्र आणखी थोडा वेळ पडत राहिले.

मी सगळे सांगितले. चुनखडी, लेथ, चार मिलिमीटर, रिकामा रकाना. माझी चूक आहे हे दोनदा सांगितले. काकाजी व्हॉल्व्हच्या खांबाला टेकून ऐकत होते.

"म्हंजे रिंग माह्यासारखीच झाली म्हना," ते शेवटी म्हणाले. "वय झालं की उंची कमी होते, पण आधारकार्डावर तेच जुनं राह्यते."

मी हसलो नाही. ते थोडे हसले आणि मग थांबले.

"तुले पान दाखोलं होतं न गा, मंगळवारी."

"हो काकाजी."

"मंग?"

पान मी पाहिले होते. ते आकड्याशी जुळत नव्हते. जुळत नाही म्हणून आकडा पुन्हा तपासायचा की पान सोडून द्यायचे, यातले दुसरे मी निवडले होते. बातमीत दोन सूत्रांचे म्हणणे वेगळे निघाले तर फोन फिरवायचा असतो, हे मला सहा वर्षे शिकवले गेले होते.

"तुम्हाला पटत नव्हतं, तरी सोडलं पाणी," मी म्हणालो.

"शब्द देल्ला होता न. तुह्या आकड्यावर माहा अंदाज लावला तं मंग आकडा कायचा?"

यात तक्रार नव्हती. मला मात्र ते तक्रारीपेक्षा जड गेले. नव्वद झाडे पणाला लावून, स्वतःच्या नजरेविरुद्ध, ते आकड्याच्या बाजूने उभे राहिले होते, आणि त्या आकड्यातले शंभर मी मोजलेले नव्हते, रिंगवर वाचलेले होते.

त्या दोन ओळींना सुमारे वीस मिनिटे पाणी मिळाले होते. बाकीचा तुकडा कोरडा राहिला. अकरा दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो, या वेळी ताईही होत्या. रिंग ठोकण्याआधी त्यांनी बांधावर बसून व्हर्नियरने तिची उंची मोजली आणि वहीत लिहिली. भिजलेल्या दोन ओळी सोडून तीन जागा घेतल्या. ओव्हनमधून वजनी ओलावा ०.२२ निघाला, घनता १.३६, आकारमानी ०.३०. घनतेचा रकाना मी सगळ्यात आधी भरला. पाने फिकी पडली होती आणि काही गळायला लागली होती. त्याच दोन दिवसांत काकाजींनी आपल्या नजरेने बाकीच्या बागेचाही ताण तोडला.

फेब्रुवारीत तुकड्यावर फूल आले. सात ओळी पांढऱ्या झाल्या. पहिल्या दोन ओळींमध्ये फूल तुरळक होते आणि कोवळी पालवी भरपूर होती. काकाजींनी त्यावर कधी काही म्हटले नाही. फक्त मी बागेत गेलो की ते मला पंपाच्या बाजूने आत न्यायचे, म्हणजे त्या दोन ओळींमधून. वाट तिकडूनच जवळची होती हेही खरे.

नोंदवहीत ०.३० वर मी एक सरळ रेघ मारली, खालचा आकडा वाचता येईल अशी. शेजारी ०.३३ लिहिले, तारीख घातली, कारण लिहिले, सही केली. वर्तमानपत्रात चूक झाली तर दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळींत दुरुस्ती छापून येते आणि विषय संपतो. तिथे मी अशा अनेक दुरुस्त्या लिहिल्या होत्या. त्यांतल्या एकीच्याही पलीकडे कोणाच्या दोन ओळी झाडे असतील असे कधी मनात आले नव्हते.

रिंगवर आता आकडा नाही. जिथे होता तिथे ब्लेडने खरवडलेली उघडी जागा आहे. भिवापूरहून बाकीच्या दोन रिंग परत आल्या तेव्हा ताईंनी त्यांचेही रंग काढले. नव्याने आलेली एक सहायक मुलगी विचारते की यातली शंभरची कोणती. ताई तिच्या हातात व्हर्नियर देतात.

पुढच्या डिसेंबरात पहिल्या फेरीला मी बागेत गेलो. काकाजींनी तोच तुकडा पुन्हा दिला होता, पहिल्या दोन ओळींसकट. ते द्यायला नकार देतील असे आम्ही धरून चाललो होतो आणि सरांनी दुसरी बाग पाहूनही ठेवली होती. खोपडीसमोर चूल पेटली होती, चहा उकळत होता. मी पिशवी खाली ठेवली आणि हातोडी काढली.

"थांब," काकाजी म्हणाले. "पहिले मोज."

मी रिंग आणि व्हर्नियर त्यांच्याकडे दिला. त्यांनी तो कसा वाचायचा ते विचारून घेतले, रिंग गुडघ्यावर धरली, डोळे बारीक केले आणि बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "चार पॉइंट सहा. लिही." मी लिहिले. त्यानंतर त्यांनी चहा ओतला.